‘संमेलन’ की ‘सम्मेलन’? शीर्षकात कोणते रूप घ्यावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की सांगली-सातारा भागात संमेलनांचे दिवस सुरू होतात. शाळांची स्नेहसंमेलने, संक्रांतीला औदुंबरचे साहित्य संमेलन, गावोगावची ग्रामीण साहित्य संमेलने. आणि प्रत्येकाची पत्रिका, फलक, स्मरणिका, प्रमाणपत्र. मुद्रितशोधनासाठी हे कागद हाताखालून जातात तेव्हा सर्वांत जास्त विचारणा एकाच शब्दाबद्दल होते. विटा, तासगाव, पलूस, कराड, वाई इथून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पुढच्या अंकाची छपाई सुरू होण्याआधी मुखपृष्ठाचे तरी ठरून जावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१. थेट सांगा, शीर्षकात ‘संमेलन’ लिहू की ‘सम्मेलन’?

संमेलन. मुखपृष्ठ, फलक, पत्रिकेचा मथळा, प्रमाणपत्र, स्मरणिकेचे नाव, अहवालाचे शीर्षक, सगळीकडे अनुस्वाराचे रूप घ्या. मराठीत हेच रूप रुळलेले आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नावही असेच लिहिले जाते. सांगलीत २००८ साली भरलेले ८१ वे संमेलन असो की साताऱ्याचे २०२६ चे ९९ वे, ते शोधणारा माणूस याच रूपाने शोधणार.

याला दोन अपवाद आहेत. एखाद्या संस्थेचे किंवा पुस्तकाचे नाव आधीच दुसऱ्या रूपात ठरलेले असेल तर ते बदलायचे नाही. त्यासाठी प्रश्न १२ ते १४ पाहा.

२. म्हणजे ‘सम्मेलन’ चुकीचे आहे का? आमच्या सरांनी लाल शाईने खोडले.

चुकीचे नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांत पहिलाच नियम अनुस्वाराचा आहे. स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुनासिकासाठी शीर्षबिंदू द्यावा, हे त्याचे मुख्य सूत्र. पुढे सवलत दिली आहे, की तत्सम शब्दांत, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत, विकल्पाने परसवर्ण लिहायला हरकत नाही. पंडित-पण्डित, अंतर्गत-अन्तर्गत ही तिथली उदाहरणे. परसवर्ण म्हणजे अनुस्वारापुढच्या अक्षराच्या वर्गातले पाचवे अक्षर. क-वर्गापूर्वी ङ्, च-वर्गापूर्वी ञ्, ट-वर्गापूर्वी ण्, त-वर्गापूर्वी न् आणि प-वर्गापूर्वी म्.

‘संमेलन’ हा तत्सम शब्द आहे. अनुस्वारापुढे म आहे, म प-वर्गातला, म्हणून परसवर्ण म् आणि रूप ‘सम्मेलन’. नियमात बसते. सरांनी वहीत खोडायला नको होते. शीर्षकात मात्र त्यांनी ‘संमेलन’च करा म्हटले असते तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. वहीतल्या निबंधात विकल्प चालतो; शीर्षक यादीत जाते, शोधले जाते, दुसऱ्यांकडून उतरवून घेतले जाते. तिथे दोन रूपे फिरू लागली की एकाच कार्यक्रमाच्या दोन नोंदी तयार होतात.

३. आपण बोलताना तर ‘सम्मेलन’ म्हणतो. मग बोलतो तसे का लिहायचे नाही?

दोन्ही रूपांचा उच्चार एकच आहे. प, फ, ब, भ, म यांच्यापूर्वीचा अनुस्वार म् असाच वाचला जातो. ‘आंबा’ आपण ‘आम्बा’ म्हणतो आणि ‘कुंभार’ला ‘कुम्भार’. तरी मराठीत कुणी ‘आम्बा’ लिहीत नाही. बिंदू म्हणजे ‘पुढच्या अक्षराला जुळणारे अनुनासिक इथे उच्चारा’ अशी खूण आहे, आणि मराठी वाचकाचा डोळा तिला इतका सरावलेला आहे की वाचताना कुठे अडत नाही. उच्चार हा ‘सम्मेलन’च्या बाजूचा पुरावा होऊ शकत नाही, तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो.

रोमन लिपीत हा शब्द दोन एम घालून लिहितात. त्यामुळेही अनेकांना देवनागरीत दोन म हवेसे वाटतात. रोमन लेखन उच्चाराप्रमाणे केलेले असते, त्यावरून देवनागरी ठरवू नये.

४. आम्हाला ‘सम्मेलन’ भारदस्त वाटते. आमच्या स्मरणिकेवर तेच घातले तर काय बिघडेल?

नुसत्या मुखपृष्ठावर घातले तर काही बिघडणार नाही. पण स्मरणिका मुखपृष्ठावर संपत नाही. एक पत्रिका घेऊन आत शिरू.

समजा मथळा आहे ‘ग्रामीण मराठी साहित्य सम्मेलन’. खाली पहिला कार्यक्रम ‘ग्रंथदिंडी’. मथळ्यात परसवर्ण घेतला, तर इथेही घ्यायला हवा. ‘ग्रंथ’ तत्सम आहे, त्याचा ‘ग्रन्थ’ होईल. पण ‘दिंडी’ आपला मराठी शब्द. परसवर्णाची सवलत फक्त तत्सम शब्दांना आहे; बाकीचे मराठी शब्द शीर्षबिंदू देऊनच लिहायचे, असे तोच नियम पुढे सांगतो. म्हणजे ‘ग्रन्थदिंडी’. एकाच शब्दात दोन पद्धती.

दुसरा कार्यक्रम ‘उद्घाटन समारंभ’. त्याचे ‘समारम्भ’ करावे लागेल. तिसरा ‘परिसंवाद’. इथे अनुस्वारापुढे व आहे, म्हणून बिंदूच राहणार (कारण प्रश्न ७ मध्ये). चौथा ‘कविसंमेलन’, त्याचे ‘कविसम्मेलन’. मग ‘संगीत रजनी’चे ‘सङ्गीत रजनी’ होते. अनेक फलक तयार करणाऱ्यांच्या फाँटमध्ये ङ्ग नीट जुळत नाही. ङ च्या खाली पाय मोडलेला दिसतो आणि ग शेजारी सुटा पडतो. शेवटी ‘संयोजन समिती’, इथे पुन्हा बिंदू. आणि सर्वांत खाली ‘स्थळ : ..., जि. सांगली’. ‘सांगली’ हे गावाचे नाव, ते ‘साङ्गली’ करता येत नाही.

आता पूर्ण पत्रिका नजरेखालून घाला. सम्मेलन, ग्रन्थदिंडी, समारम्भ, परिसंवाद, कविसम्मेलन, सङ्गीत, संयोजन, सांगली. नियमाने प्रत्येक शब्द बरोबर आहे. तरी हातात घेणाऱ्याला वाटेल की पत्रिका तिघांनी तीन ठिकाणी बसून लिहिली. अनुस्वाराच्या पद्धतीने हीच पत्रिका संमेलन, ग्रंथदिंडी, समारंभ, परिसंवाद, कविसंमेलन, संगीत, संयोजन, सांगली अशी होते. सगळीकडे एकच खूण, कुठे थांबून विचार करायला नको.

संस्कृत विषयाच्या, वेदपाठशाळेच्या किंवा कीर्तन परंपरेच्या संस्था परसवर्ण आवर्जून पाळतात. तिथे तो अंकभर सातत्याने पाळणारे जाणकार असतात, आणि ते शोभतेही. अशा तयारीशिवाय फक्त मोठ्या अक्षरातल्या ओळीसाठी तो उचलू नका.

५. ‘सन्मान’ लिहितो, मग ‘सन्मेलन’ का नाही?

हा घोटाळा पत्रिकांवर फार दिसतो, कारण दोन्ही शब्द एकाच कागदावर असतात. वर संमेलन, खाली ज्येष्ठ साहित्यिकांचा सन्मान.

‘सन्मान’ म्हणजे सत् + मान. म समोर आल्यावर त् चा न् झाला. हा न् शब्दाचा स्वतःचा आहे. तो अनुस्वारातून आलेला नाही. ‘संमेलन’ म्हणजे सम् + मेलन, त्यात न् चा संबंधच नाही. म्हणून ‘सन्मेलन’ कोणत्याही नियमाने साधत नाही. ते सरळ चूक आहे.

उलट बाजूनेही गडबड होते. ‘संमेलन’ अनुस्वाराने लिहितो म्हणून काही जण ‘संमानपत्र’ छापतात. संस्कृतात सम् + मान असा दुसरा शब्द आहे, हिंदीत तोच चालतो, पण मराठीने ‘सन्मान’ स्वीकारला आहे. फलकावर ‘सन्मानपत्र’, ‘सन्मानमूर्ती’ हीच रूपे घ्या.

ओळखायची युक्ती अशी. अनुस्वार आणि जोडाक्षर यांची अदलाबदल करायची असेल तर जोडाक्षरातले अनुनासिक पुढच्या अक्षराच्याच वर्गातले असले पाहिजे. ‘सन्मान’मध्ये न् त-वर्गातला आणि पुढचा म प-वर्गातला. वर्ग वेगळे, म्हणजे बिंदू देता येत नाही. चिन्मय, षण्मास, वाङ्मय यांनाही हीच कसोटी लावा. महाविद्यालयांच्या ‘वाङ्मय मंडळा’च्या फलकावर ‘वांग्मय’ दिसते, ते याच कसोटीवर बाद होते.

६. पण ‘अन्न’, ‘उन्नती’ यांत दोन्ही न एकाच वर्गातले आहेत. मग ‘अंन’ का लिहीत नाहीत?

चांगला प्रश्न आहे. वरची युक्ती इथे अपुरी पडते.

बिंदू यायला मुळात अनुस्वार असावा लागतो. संस्कृत व्याकरणात पदाच्या शेवटच्या म् पुढे व्यंजन आले की त्या म् चा अनुस्वार होतो, आणि त्या अनुस्वाराचा परसवर्ण करणे पदाच्या शेवटी ऐच्छिक आहे. पाणिनीचे सूत्रच आहे, ‘वा पदान्तस्य’. ‘सम्’ हा उपसर्ग, त्याचा शेवट पदाच्या शेवटासारखा धरला जातो. म्हणून संस्कृतातही संमेलन आणि सम्मेलन ही दोन्ही रूपे साधतात. संमत-सम्मत, संमोहन-सम्मोहन यांचेही तसेच.

‘अन्न’ मध्ये असा उपसर्गाचा म् नाही. ‘उन्नती’ म्हणजे उत् + नती, तिथे त् चा न् झालेला आहे. अनुस्वार कधी नव्हताच, त्यामुळे बिंदूचा प्रश्न येत नाही. ‘जगन्नाथ’ही असाच, जगत् + नाथ. थोडक्यात, तत्सम शब्दात म किंवा न च्या आधी बिंदू द्यायचा झाला तर मागे ‘सम्’ उभा आहे का ते पाहा. ‘संन्यास’ मध्ये तो आहे (सम् + न्यास), म्हणून ‘संन्यास’ बरोबर. ‘सन्यास’ लिहिताना बिंदू जातो, म्हणजे ‘सम्’चे अनुनासिकच जाते.

७. ‘संयोजक’, ‘परिसंवाद’, ‘संशोधन’ यांनाही परसवर्ण देता येतो का?

नाही. य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्यापूर्वी फक्त शीर्षबिंदू, असा महामंडळाचा दुसराच नियम आहे. ‘सम्योजक’, ‘परिसम्वाद’, ‘सन्शोधन’ ही तिन्ही चूक. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत सादर केलेल्या नाटकाचा उल्लेख नाट्यसंमेलनांच्या पत्रिकांवर नेहमी येतो, तिथेही ‘सीतास्वयंवर’ असेच लिहावे, ‘स्वयम्वर’ नव्हे.

८. मग ‘सम्राट’ कसे काय बरोबर? तिथे तर म् पुढे र आहे.

तो खरा अपवाद आहे. सम् पुढे ‘राज्’ धातूचे हे विशिष्ट रूप आले की म् तसाच राहतो, अनुस्वार होत नाही. यासाठी पाणिनीने वेगळे सूत्र दिले आहे. ‘संराट’ लिहायचे नाही.

‘चिन्ह’ बद्दलही विचारणा होते. ‘सिंह’ बिंदूने लिहितो म्हणून ‘बोधचिंह’ छापलेले पाहिले आहे. चिन्ह मधला न् मुळातला आहे, सिंह मधला अनुस्वार मुळातला आहे. ज्याचे जे आहे ते ठेवायचे.

९. ‘गंमत’ की ‘गम्मत’, ‘हिंमत’ की ‘हिम्मत’? बालसंमेलनाच्या कार्यक्रमाचे नाव ठरवायचे आहे.

गंमत, हिंमत. हे शब्द तत्सम नाहीत, म्हणून परसवर्णाचा विकल्प त्यांना मिळत नाही. ‘अंमल’ही असाच. ‘निम्मा’ मात्र ‘निंमा’ होत नाही. तिथे अनुस्वार नाही, म चे द्वित्व आहे.

१०. ‘संम्मेलन’, ‘समेंलन’ असे छापून आले आहे. हे कुठून येते?

‘संम्मेलन’ मध्ये बिंदूही आहे आणि म् ही आहे. एकच अनुनासिक दोनदा लिहिले गेले. बहुतेक वेळा एकाने ‘सम्मेलन’ टाइप केलेले असते आणि दुसरा त्यावर बिंदू चढवतो, आधीचा म् काढायचा राहतो. मजकूर तपासताना ‘संम’ पुढे लगेच हलन्त आहे का ते बघा.

‘समेंलन’ मध्ये बिंदू एक अक्षर पुढे सरकला आहे. टाइप करणाऱ्याने स, म, मात्रा आणि मग बिंदू असा क्रम लावला की हे होते. मात्रेशेजारचा बिंदू लहान अक्षरात लक्षात येत नाही. दहा फुटी फलकावर गेल्यावर गावभर दिसतो. म्हणून फलक छपाईला जाण्यापूर्वी मथळा पडद्यावर मोठा करून एकेक अक्षर वाचावा. पूर्ण ओळ सलग वाचली तर डोळा ओळखीचा शब्द स्वतःच दुरुस्त करून घेतो आणि चूक निसटते.

११. ‘वेदांत’ आणि ‘वेदान्त’ यांत अर्थ बदलतो म्हणतात. ‘संमेलन’च्या बाबतीत असे होते का?

नुसत्या ‘संमेलन’ शब्दात होत नाही. संमेलन आणि सम्मेलन यांचा अर्थ एकच. म्हणून इथे अर्थभेदाचा आधार घेऊन परसवर्ण मागता येत नाही.

‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये आणि ‘वेदान्त’ म्हणजे ते दर्शन. असा घोटाळा होण्यासारखा असेल तिथे परसवर्ण लिहिणे योग्य, असे नियमच सांगतो. देहांत-देहान्त, शालांत-शालान्त ही त्याच प्रकारची जोडी. शीर्षकात हे विशेष जपावे लागते, कारण शीर्षकाला मागचापुढचा संदर्भ नसतो. व्याख्यानाच्या फलकावर नुसते ‘वेदांत’ लिहिले तर वाचणाऱ्याने काय समजावे? तिथे ‘वेदान्त’च हवे.

‘संमेलन’ला प्रत्यय लागला की मात्र हा प्रश्न उभा राहतो. एका स्मरणिकेत समारोपाच्या लेखाला ‘संमेलनांत’ असे नाव सुचवले होते. लेखकाला म्हणायचे होते ‘संमेलनाचा अंत’, म्हणजे शेवट. पण ‘संमेलनांत’ हे ‘अनेक संमेलनांमध्ये’ असे वाचले जाते. अर्थ शेवटाचा हवा असेल तर ‘संमेलनान्त’ लिहावे लागेल. म्हणजे पहिल्या अनुनासिकाला बिंदू आणि दुसऱ्याला परसवर्ण, आणि दोन्ही जागी तेच योग्य. अर्थात असे अवघड नाव देण्यापेक्षा ‘संमेलन संपताना’ केव्हाही बरे.

उरला ‘संमेलनात’ आणि ‘संमेलनांत’ यांतला फरक. एका संमेलनात बिंदू नाही. अनेक संमेलनांत बिंदू आहे, कारण तो अनेकवचनी सामान्यरूपाचा आहे. ‘साताऱ्याच्या संमेलनात’ म्हटले की एकच संमेलन. १९०५, १९६२, १९९३ आणि २०२६ अशी साताऱ्यातली चारही मनात असतील तर ‘साताऱ्याच्या संमेलनांत’. जुन्या छापील मजकुरात एकवचनातही ‘संमेलनांत’ आढळते. त्या काळची ती पद्धत होती. तिचे काय करायचे ते प्रश्न १४ मध्ये आहे.

१२. आमच्या संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्रावर ‘सम्मेलन’ आहे. आता बदलायचे का?

पत्रव्यवहार, पावतीपुस्तक, बँक खाते, लेखापरीक्षण यांत नोंदणीतले रूप जसेच्या तसे ठेवा. ते विशेषनाम आहे आणि कागदोपत्री ओळख त्या अक्षरांवर चालते. पावतीवर एक रूप आणि प्रमाणपत्रावर दुसरे असले तर बँकेत किंवा धर्मादाय कार्यालयात विनाकारण खुलासे द्यावे लागतात. नाव बदलायचेच असेल तर ठराव करून रीतसर बदलाचा अर्ज द्यावा लागतो. एका बिंदूसाठी तो खटाटोप करा, असे मी कुणाला सांगणार नाही.

पण संस्थेचे नाव आणि कार्यक्रमाचे नाव वेगळे. संस्था ‘अमुक साहित्य सम्मेलन मंडळ’ असू शकते आणि ती दरवर्षी ‘साहित्य संमेलन’ भरवू शकते. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात ‘संमेलन’, खाली आयोजक म्हणून संस्थेचे नोंदणीतले नाव. एकाच पानावर दोन रूपे आली म्हणून घाबरू नका. एक तुमचा शब्द आहे, दुसरे कुणाचे तरी नाव आहे. (याच नावातले ‘मंडळ’ हे ळ मुळे मराठी झालेले रूप आहे. ‘मण्डल’ चालेल, ‘मण्डळ’ नको.)

१३. ‘हिन्दी साहित्य सम्मेलन’ मराठी लेखात कसे लिहावे?

प्रयागच्या संस्थेचे नाव ‘हिन्दी साहित्य सम्मेलन’ असे आहे, तसेच लिहावे. पुढे वाक्यात सामान्यनाम म्हणून शब्द आला तर ‘त्या संमेलनात’ असे आपले रूप घ्या. भाषेचे नाव आपल्या वाक्यात ‘हिंदी’ राहील.

१४. जुन्या स्मरणिकेचे पुनर्मुद्रण करतोय. आतले शीर्षक ‘सम्मेलन’ आहे, काही ठिकाणी ‘संमेलनांत’ असे एकवचन आहे. आजच्या नियमाने सुधारू का?

शीर्षक सुधारू नका. मूळ शीर्षकपानावर जे छापले आहे तेच त्या पुस्तकाचे नाव, मग ते आजच्या नियमात बसो वा न बसो. वाचकाला अडचण वाटेल असे असेल तर संपादकीय टिपेत आजचे रूप सांगा. आतल्या मजकुराबद्दल एकच धोरण ठरवून सुरुवातीला लिहून टाका. एकतर सगळे मूळाप्रमाणे ठेवा, नाहीतर सगळे आजच्या नियमाने करा. काही पाने सुधारलेली आणि काही न सुधारलेली असा अंक पुढच्या अभ्यासकाच्या काहीच कामाचा नसतो, कारण कोणते रूप मूळचे आणि कोणते तुमचे हे त्याला कळत नाही.

संदर्भ देतानाही हेच. दुसऱ्याच्या लेखाच्या शीर्षकात ‘सम्मेलन’ असेल तर अवतरणात ‘सम्मेलन’च.

१५. आमच्या वाचनालयात एकाच संमेलनाच्या स्मरणिका यादीत दोन ठिकाणी विखुरल्या आहेत. एकत्र कशा आणायच्या?

संगणकाला हे दोन वेगळे शब्द दिसतात, म्हणून तसे होते. युनिकोडमध्ये बिंदूचा क्रमांक सर्व व्यंजनांच्या आधीचा आहे. त्या क्रमाने लावलेल्या यादीत ‘संमेलन’ हे ‘संगीत’ नंतर आणि ‘संवाद’ च्या आधी, म्हणजे ‘सकाळ’च्याही पुष्कळ वर येते. ‘सम्मेलन’ मात्र स, म, मग हलन्त अशा क्रमाने ‘समाज’, ‘समिती’, ‘समोर’ यांच्या खाली जाऊन ‘सम्राट’च्या शेजारी बसते. मध्ये स ने सुरू होणारी शेकडो शीर्षके असू शकतात. वाचक वरच्या चार स्मरणिका पाहतो, तेवढ्याच आहेत समजतो आणि निघून जातो.

उपाय असा. शीर्षकाच्या रकान्यात हात लावू नका. तिथे पुस्तकावर आहे तेच राहू द्या (प्रश्न १४). शेजारी ‘प्रमाण रूप’ असा एक रकाना वाढवा आणि त्यात सर्व ठिकाणी ‘संमेलन’ भरा. यादी या रकान्यावरून लावा. कार्डांची जुनी यादी असेल तर ‘सम्मेलन’च्या जागी एकच कार्ड ठेवा : ‘सम्मेलन — पाहा : संमेलन’. असे केले की कोणत्याही रूपाने आलेला वाचक त्याच जागी पोचतो, आणि एकाही पुस्तकाचे नाव बदललेले नसते.

१६. फाइलमध्ये शोधताना दोन्ही रूपे एकदम सापडतील असे काही आहे का?

साध्या शोधात नाही. एका रूपाने शोधले तर दुसरे सापडेलच असे धरून चालू नका. युनिकोडचे सामान्यीकरण केले तरी ही दोन रूपे एक होत नाहीत. नमुन्याने शोधता येणाऱ्या संपादकात हे वापरा :

```
स(ं|म्)मेलन
```

यात चुकीची रूपेही धरायची असतील तर असे :

```
स(ं|म्|न्|ंम्)मेलन
```

दुसऱ्या नमुन्याने ‘सन्मेलन’ आणि ‘संम्मेलन’ही सापडतात. सगळे एकदम बदलून टाकायचा मोह होतो, तो टाळा. एकेक जागा बघून बदला, कारण मध्येच एखाद्या संस्थेचे नाव किंवा अवतरण असते (प्रश्न १२ आणि १३).

१७. फोनवर लिहिताना आपोआप ‘सम्मेलन’ येते. ‘संमेलन’ कसे काढायचे?

रोमन अक्षरांवरून देवनागरी करणाऱ्या कळफलकावर दोन एम दिले की तो दोन म समजतो. सुचवलेल्या शब्दांच्या पट्टीत ‘संमेलन’ही असते का ते बघा, बहुधा असते. आयट्रान्स पद्धतीत मोठा एम म्हणजे बिंदू, म्हणून `saMmelana`.

इनस्क्रिप्ट कळफलकावर गोंधळ होतच नाही. `m x c s n v` या कळा क्रमाने दाबल्या की स, बिंदू, म, मात्रा, ल, न असे ‘संमेलन’ उमटते. ‘सम्मेलन’साठी `m c d c s n v`, यात `d` म्हणजे हलन्त. बिंदू नेहमी स नंतर लगेच द्या. तो मात्रेनंतर दिला की प्रश्न १० मधले ‘समेंलन’ तयार.

१८. ‘साहित्य संमेलन’ सुटे की ‘साहित्यसंमेलन’ जोडून? आणि ‘स्नेहसंमेलन’?

‘स्नेहसंमेलन’, ‘कविसंमेलन’, ‘नाट्यसंमेलन’, ‘संमेलनाध्यक्ष’ हे जोडूनच लिहा. ‘साहित्यसंमेलन’ हाही समासच, त्यामुळे जोडून लिहिणे व्याकरणाला धरून आहे. पण ‘मराठी साहित्य संमेलन’ या मोठ्या नावात सुटे लिहिण्याची रीत पक्की झाली आहे आणि फलकावर ओळ तोडायलाही ते सोयीचे जाते. मोठ्या नावात सुटे ठेवा. शाळेच्या फलकावर मात्र ‘स्नेह संमेलन’ असे तोडू नका. जागा कमी पडत असेल तर ‘वार्षिक’ वरच्या ओळीत घ्या आणि ‘स्नेहसंमेलन’ खाली अखंड राहू द्या.

१९. ‘संमेलन’ मधला ल हिंदी वळणाचा छापला गेला. तेही शुद्धलेखनात चूक धरायचे का?

शुद्धलेखनात नाही. दोन्ही वळणांचा ल संगणकात एकच अक्षर आहे, दिसण्यातला फरक फाँटचा. तरी मराठी मुखपृष्ठावर आपला पाकळीचा ल असावा, असा आग्रह मी जरूर धरेन. फाँट निवडतानाच ‘ल’ आणि ‘श’ टाइप करून पाहा. ही दोन अक्षरे मराठी वळणाची आली तर तो फाँट घ्या, नाहीतर दुसरा शोधा.